आईचं दुसरं लग्न आणि दहा वर्षांची लेक: पहिल्या वर्षात काय करायचं, किती अपेक्षा ठेवायची

पुनर्विवाह ठरलेल्या आया समुपदेशनाला येतात तेव्हा पहिल्या अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास येतो: 'ती ह्यांना बाबा कधी म्हणायला लागेल?' पहिल्या वर्षात नाही म्हणणार, कदाचित कधीच नाही, आणि त्याने काही बिघडत नाही, असं सांगितलं की चेहरे पडतात. पण अपेक्षा आधी खाली आणली नाही, तर पुढचं सगळं वर्ष मुलीला परीक्षेला बसवल्यासारखं जातं.

अमेरिकेत टेक्सासमध्ये जेम्स ब्रे या मानसशास्त्रज्ञाने सावत्र कुटुंबांचा नऊ वर्षं अभ्यास केला. त्यात पहिली दोन वर्षं सर्वांत खडतर आढळली. पॅट्रिशिया पेपरनाव यांनी याच विषयात अनेक वर्षं काम केलंय. त्यांच्या मते लवकर स्थिरावणाऱ्या कुटुंबांनाही चारेक वर्षं लागतात. आपल्याकडे आजी-आजोबा, काका-मामा आणि सोसायटीतले शेजारी सगळेच यात असतात. त्यामुळे आपलं गणित याहून झटपट सुटेल असं मानायला काही कारण नाही.

म्हणून पहिल्या वर्षाची उद्दिष्टं दोनच ठेवा. घरात तिघांना सौजन्याने वावरता यावं, आणि आई आपल्या हातून गेलेली नाही हे मुलीला पटावं.

सगळ्या प्रकारच्या कुटुंबांबद्दल एका लेखात लिहिलं तर कुणाच्याच कामाचं होणार नाही. म्हणून एकच घर घेते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. आई वाशीला नोकरी करते, घटस्फोटाला तीन वर्षं झालीत. लेक दहा वर्षांची, पाचवीत, शाळा ऐरोलीत. वडील ठाण्यात राहतात आणि कोर्टाच्या आदेशानुसार एक शनिवार-रविवार सोडून पुढच्या शनिवार-रविवारी मुलगी त्यांच्याकडे जाते. आईने ज्यांच्याशी लग्न ठरवलं त्यांचा नेरुळला दोन बेडरूमचा फ्लॅट आहे, त्यांना स्वतःचं मूल नाही. मुलगी त्यांना काका म्हणते, म्हणून इथेही काकाच म्हणू.

लग्नाच्या तीन-चार महिने आधी: झोपायची जागा

घटस्फोटानंतर मूल आईजवळ झोपायला लागतं आणि मग तसंच झोपत राहतं. ऐरोलीच्या भाड्याच्या घरात ही मुलगी तीन वर्षं आईच्या कुशीत झोपत होती. आता लग्नाच्या रात्रीपासून आई दुसऱ्या खोलीत, दार लावून. मोठ्यांना यात काही वावगं वाटत नाही. मुलीच्या हिशेबात मात्र काका आले त्या दिवशी आई गेली. पुढच्या सहा महिन्यांतल्या निम्म्या भांडणांचं मूळ या दारात असतं, पण कुणी त्याचं नाव घेत नाही. भांडण दुधावरून होतं, गृहपाठावरून होतं.

उपाय असा की वेगळं झोपणं आणि लग्न यांच्यात महिन्यांचं अंतर पडलं पाहिजे. लग्न फेब्रुवारीत असेल तर दिवाळीच्या सुट्टीपासून सुरुवात करा. पहिले दोन आठवडे त्याच खोलीत वेगळी गादी. मग बाहेरच्या खोलीत तिची गादी, आई शेजारी खुर्चीवर, झोप लागेपर्यंत. मग वीस मिनिटं बसून उठायचं आणि 'मी आत आहे' एवढंच सांगायचं. मध्यरात्री उठून आली तर रागवू नका. हाताला धरून परत तिच्या जागेवर न्या आणि तिथे पाच मिनिटं बसा. महिना-दीड महिना लागतो. सर्दी-तापात मागे जाते, पुन्हा पुढे येते.

ही तयारी करायला वेळच मिळाला नसेल, तर नव्या घरात निदान एक नियम करा: रात्री कधीही दार वाजवलं तर आई बाहेर येईल. काकांनाही तो आधी मान्य असायला हवा. पहिल्या महिन्यात मुलगी तीन-चारदा दार वाजवते, खरंच उठतेस का ते बघायला. आई उठते असं दिसलं की वाजवणं कमी होतं.

सांगायचं कुणी आणि कसं

आईने, एकटीने, घरी, सुट्टीच्या दिवशी सकाळी. काकांना समोर बसवून हॉटेलात आइस्क्रीमसोबत ही बातमी देऊ नका. मुलीला तिथे रडताही येत नाही, उठून जाताही येत नाही.

'तुला चालेल ना?' असंही विचारू नका. विचारणाऱ्याला वाटतं आपण मुलीचा मान राखतोय. पण तिने नाही म्हटलं तर तुम्ही थांबणार आहात का? नसाल, तर तो प्रश्न खोटा ठरतो. थांबणार असाल, तर दहा वर्षांच्या मुलीवर आईच्या आयुष्याचा निर्णय पडतो. हो म्हणाली तरी पंचाईतच. सहा महिन्यांनी ती चिडली की कुणीतरी ऐकवतं, 'तूच तर हो म्हणाली होतीस.' त्याऐवजी निर्णय सांगा आणि विचारा, 'काय काय बदलायला नको असं तुला वाटतं?' या मुलीने तीन गोष्टी सांगितल्या: शाळा, बुधवारचा कथकचा क्लास, आणि शनिवारी सकाळी आईबरोबर पोहे खायला जाणं. तिन्ही जपता येण्यासारख्या होत्या. मुलं सहसा अवाजवी मागत नाहीत. आणि 'बाबांना परत आण' असं म्हणाली तर सरळ सांगा की ते होणार नाही. ही आशा वडिलांचं किंवा आईचं दुसरं लग्न होईपर्यंत मुलांच्या मनात टिकून असते. लग्नाच्या बातमीने ती तुटते आणि तिचं दुःख नव्या माणसावरच्या रागासारखं दिसतं.

नोंदणी पद्धतीने लग्न करणार असाल तर विशेष विवाह कायदा, 1954 प्रमाणे तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. मुलीला त्या नोटिशीच्याही आधी कळलेलं असू दे. मावशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कळणं हे तर सर्वांत वाईट. मुलीच्या वडिलांना आईने स्वतः कळवायचं, मुलीच्या तोंडून निरोप पाठवायचा नाही.

एका वेळी एकच बदल

घर, शाळा आणि लग्न हे तिन्ही एकाच महिन्यात करणारी कुटुंबं मी बघते. कारण सोयीचं असतं: मे महिना, सगळं एकदाच उरकू. मोठ्यांची दगदग वाचते खरी, पण मुलाचे मित्र, गल्ली, वर्गशिक्षिका आणि आईचा वेळ असं सगळं एकाच वेळी जातं.

या घराने लग्न फेब्रुवारीत केलं, पण वार्षिक परीक्षा होईपर्यंत मायलेकी ऐरोलीतच राहिल्या. काका शनिवार-रविवारी यायचे. नातेवाइकांनी नाकं मुरडली: 'लग्न करून वेगळं राहणं कसलं?' मे महिन्यात नेरुळला सामान गेलं. शाळा मात्र सहावीतही ऐरोलीचीच ठेवली. नेरुळहून ऐरोलीला ट्रान्स हार्बरची ठाण्याकडची गाडी थेट जाते, जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे, घणसोली, रबाळे आणि मग ऐरोली. आई सकाळी तिला सोडून वाशीला जायची. वर्षभर थोडा उलटा फेरा पडला. माझ्या मते तो वाया गेला नाही. रोज सकाळी गाडीत आई तिच्या एकटीची होती.

नव्या घरात जाण्याआधी मुलीला खोली दाखवायला न्या आणि तिथली एखादी गोष्ट तिला ठरवू द्या: पडदा, कपाटातला कोणता खण, अभ्यासाचं टेबल कुठल्या भिंतीला. मुलगी दहा-अकराची असेल तर तिच्या खोलीला आणि बाथरूमला आतून लागणारी कडी हवी, आणि दार वाजवल्याशिवाय आत न येण्याचा नियम घरातल्या सगळ्यांना हवा. वयात येऊ लागलेल्या मुलीला सावत्र वडिलांनी जवळ घेणं, गालगुच्चा घेणं अवघड वाटतं. हे अभ्यासांतही दिसलंय. त्या माणसाच्या चारित्र्यावर तो शेरा नसतो. काकांनी कौतुक शब्दांनी करावं, 'चित्र छान झालंय' एवढं पुरे. स्पर्श मुलीकडून आला तर येईल.

काकांचं काम काय, आणि काय नाही

पहिल्या वर्षातलं सर्वांत महत्त्वाचं काम हे आहे, आणि सगळ्यात जास्त चुकतंही इथेच. नवा माणूस उत्साहात असतो. 'आता मी आहे ना' म्हणून तो अभ्यास घ्यायला बसतो, टीव्ही बंद करतो, ताटात भाजी टाकू देत नाही. हेतू चांगला असतो. पण शिस्त लावण्याचा अधिकार नात्यातून येतो, आणि नातं अजून बनलेलं नाही. आईही थकलेली असते. तीन वर्षं एकटीने ओढलेलं असतं, म्हणून ती खुशाल हे काम त्यांच्याकडे सोपवते. मुलीला दिसतं ते इतकंच की कालपर्यंतचा पाहुणा आज हुकूम सोडतोय आणि आई गप्प आहे.

पहिलं वर्षभर नियम आईचे, ते सांगायचे आईने, मोडले तर बोलायचंही आईनेच. काकांची भूमिका आई घरी नसताना घर सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाची. ते आईने ठरवलेलं लागू करतात, स्वतःचं काही ठरवत नाहीत. त्यासाठी आईने मुलीसमोर एकदा स्पष्ट बोलायला हवं: 'मी घरी नसेन तेव्हा काका सांगतील ते ऐकायचं. ते माझेच नियम सांगतील.'

या घरात जुलैमध्ये ठिणगी पडली. आईला ऑफिसात उशीर झाला. मोबाईलची वेळ साडेनऊपर्यंत. पावणेदहा झाले तरी मुलगी व्हिडिओ बघत होती. काकांनी दोनदा सांगितलं आणि मग हातातून मोबाईल काढून घेतला. ती ओरडली, 'तुम्ही माझे बाबा नाही आहात!' काका दुखावले. म्हणाले, 'मग मी या घरात कोण आहे?' मुलगी खोलीत गेली, दार आपटलं, जेवली नाही. आई साडेदहाला आली तेव्हा दोघंही तिच्या तोंडाकडे बघत होते, तू कुणाच्या बाजूने?

'तुम्ही माझे बाबा नाही' हे वाक्य प्रत्येक घरात एकदा तरी येतंच, म्हणून उत्तर आधीच तयार ठेवा. आम्ही काकांबरोबर ते अक्षरशः घोकलं: 'बरोबर आहे, मी तुझा बाबा नाही. तुझे बाबा तुझे बाबाच आहेत. पण आई येईपर्यंत मोठा मी आहे आणि आईचं ठरलेलं साडेनऊ आहे.' आवाज न चढवता. मोबाईल ओढायचा नाही. मुलीने दिला नाही तर 'बरं, आई आली की तिला सांगावं लागेल' म्हणून बाजूला व्हायचं, आणि आईने आल्यावर खरंच त्याचा निकाल लावायचा. आई 'जाऊ दे, लहान आहे' म्हणाली तर काकांच्या शब्दाला किंमत उरत नाही. आईने मुलीसमोर काकांनाच झापलं तरी तेच होतं. 'मोबाईल ओढायला नको होता' हे तिला सांगायचं असेल तर ते रात्री, दार लावून. आठवड्यातून एकदा दोघांनी वीस मिनिटं मुलीच्या गैरहजेरीत बसावं: कुठे खटकलं, कोणता नियम ढिला करायचा, कोणता नाही. या वीस मिनिटांत काकांना तक्रार करायची मुभा हवी. त्यांचीही घुसमट होते. घर त्यांचं, हप्ते त्यांचे, आणि दिवाणखान्यात पाहुण्यासारखं तेच बसलेले. हे बोलायला बाहेर कुठे जागा नसते.

तिघांनी एकत्र फिरायला जाणं

'आपण एक कुटुंब झालोय' हे सिद्ध करायला लोणावळा किंवा अलिबागची सहल निघते. ती हमखास बिघडते. तिघं एकत्र असतात तेव्हा प्रत्येक क्षणी कुणीतरी एक बाजूला पडतं. रिक्षात बसताना बघा. आई मध्ये बसली तर मुलगी आणि काका दोन टोकांना, आई दोघांमध्ये वाटलेली. काका मध्ये बसले तर मुलगी खिडकीतून बाहेर बघत राहते. आतापर्यंत रिक्षात दोघीच असायच्या, भाजी काय आणायची हे दोघी मिळून ठरवायच्या. घरातली ती जागाही मुलीने गमावलेली असते.

म्हणून पहिल्या वर्षात जोड्यांनी वेळ घालवा. आई आणि मुलगी: रोज वीस मिनिटं आणि आठवड्यातून एकदा दोन तास, काकांशिवाय, फोन बाजूला ठेवून. या घरात शनिवारचे पोहे तसेच राहिले. मुलगी वडिलांकडे जायच्या शनिवारी ते शुक्रवारी संध्याकाळी सरकायचे. ही वेळ पाहुणे आले म्हणून रद्द होत नाही आणि शिक्षा म्हणून काढून घेतली जात नाही. आई आणि काका: मुलगी वडिलांकडे असते ते दोन दिवस त्यांचेच आहेत, त्या दिवशी घरातली साफसफाई काढू नका. आणि काका आणि मुलगी: समोरासमोर बसून गप्पा मारण्यापेक्षा दोघांचं लक्ष तिसऱ्याच गोष्टीवर असेल असं काही. यांच्याकडे ती सायकल निघाली. नेरुळच्या ज्वेल ऑफ नवी मुंबईत रविवारी सकाळी चाळीस मिनिटं. काका चेन बसवायचे, ब्रेक घट्ट करायचे, तिलाही पाना धरायला द्यायचे. पहिल्या दोन महिन्यांत दोघांचं संभाषण हवा भरण्यापुरतंच होतं. तेवढं चालतं. बुद्धिबळ, कुंडीतली मिरची, आमटीची फोडणी शिकणं, काहीही चालेल, फक्त ते मुलीने निवडलेलं असावं आणि त्यात आईने डोकावू नये.

रविवारची संध्याकाळ

वडिलांकडून परत आलेली मुलगी गप्प असते, फुरंगटलेली असते, आईशी विनाकारण खेकसते. आई म्हणते, 'तिकडे कान भरले.' कधी भरलेलेही असतात. पण कान न भरताही मूल असंच वागतं, कारण दीड तासात ते एका जगातून दुसऱ्या जगात येतं आणि दोन्हीकडे मन सांभाळत असतं. पहिले दोन तास प्रश्न विचारू नका. 'काय जेवलीस?' हाही प्रश्नच आहे, तिला तो चौकशीसारखा वाटतो. आंघोळ, आवडीचं साधं जेवण, दप्तर भरणं. काकांनी त्या संध्याकाळी उगाच लाडीगोडी लावू नये, त्यांनी नेहमीसारखं राहावं.

ने-आण घराच्या दारात होत असेल आणि तिथे बोलाचाली होत असेल, तर जागा बदला. इथे ऐरोली स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ सहा वाजता असं ठरलं. चार लोकांत कुणी आवाज चढवत नाही. सुरुवातीचे काही महिने काकांनी न्यायला जाऊ नये.

मुलीच्या मनातली सर्वांत मोठी गाठ म्हणजे निष्ठेची. काका आवडले तर बाबांशी बेइमानी होईल असं तिला वाटतं. म्हणूनच कधी कधी एखादा रविवार फार छान गेला की सोमवारी ती काकांशी तुटक वागते. काका चक्रावतात, 'काल तर हसत होती!' ही गाठ सोडवायला वडिलांचं एक वाक्य पुरतं: 'काकांबरोबर तुला मजा आली तर मला वाईट वाटत नाही.' आईने वडिलांना एक साधा मेसेज करून हे वाक्य बोलायची विनंती करावी. बोलतीलच असं नाही. नाही बोलले तर आईने आणि काकांनी आपल्या बाजूने तेवढंच करायचं: वडिलांबद्दल वाईट बोलायचं नाही, त्यांचा फोटो मुलीच्या टेबलावर राहू द्यायचा, त्यांच्या फोनच्या वेळी खोलीबाहेर जायचं.

हाक, आडनाव आणि लोकांचे प्रश्न

काय म्हणायचं ते मुलीला ठरवू द्या, फक्त एकेरी नावाने उद्धट हाक नको. काका, किंवा नावापुढे काका, हे आपल्याकडे सहज खपतं. सासूबाई 'आता बाबा म्हण गं' म्हणतात तेव्हा त्यांना थांबवायचं काम काकांचं, सुनेचं नाही. मुलगी दोन महिने काहीच हाक मारत नाही, 'अहो, आई बोलावतेय' वर भागवते, तेही चालवून घ्या.

बाहेरच्यांसाठी तिला एक तयार वाक्य द्या. लिफ्टमधल्या काकू 'हे कोण गं तुझे?' विचारतात तेव्हा तिची जीभ अडखळते. 'हे काका, आईचं लग्न झालंय ह्यांच्याशी' हे घरी दोन-तीनदा म्हणून बघा. वर्गशिक्षिकेला आईने भेटून सांगावं, म्हणजे वर्गात 'माझे कुटुंब' वर तक्ता करायला देतील तेव्हा त्या तिला चार चौकटींत कोंबणार नाहीत. शाळेतून काका घ्यायला येणार असतील तर आईने लेखी परवानगी द्यावी.

आपल्याकडे मुलीच्या नावात मधलं नाव वडिलांचं असतं, त्यामुळे नाव बदलण्याची घाई फार होते. पहिल्या वर्षात हात लावू नका. कायद्यानेही तसा काही रेटा नाही. हिंदू अल्पवयीनता व पालकत्व कायदा, 1956 च्या कलम 6 मध्ये सावत्र वडील किंवा सावत्र आई नैसर्गिक पालक धरलेले नाहीत. लग्नाने ताबा आपोआप आईकडून जात नाही आणि वडिलांचे अधिकारही संपत नाहीत. वडील हयात असताना काकांनी मुलीला दत्तक घ्यायचं तर वडिलांची संमती लागते. तो विषय मुलीने स्वतः काढला तर काढू द्या, एरवी नको.

गणपती आणि दिवाळी

काकांचं गाव कणकवलीकडे. पहिल्या गणपतीला सगळ्यांनी जायचं ठरलं, आणि मुलगी पहिल्यांदाच वीस-पंचवीस अनोळखी नातेवाइकांत गेली. चुलत भावंडांना आजीने कपडे घेतले, हिला पाकीट दिलं. कुणाचाच वाईट हेतू नव्हता, माप माहीत नव्हतं एवढंच. पण मुलं असल्या गोष्टी मोजतात. काकांनी आधीच आपल्या आईला फोन करून सांगायचं: 'बाकीच्या नातवंडांना जे, तेच हिला. आणि तिला पुढे करून आरतीला उभं करू नका, ती आली तर येईल.' तिथे मुक्काम पहिल्या वर्षी दीड-दोन दिवसांचाच ठेवा, आणि परतीची तिकिटं काढलेली असू द्या.

दिवाळीची वाटणी गणपतीतच ठरवा. लक्ष्मीपूजन कुठे, भाऊबीज कुठे, वडिलांकडच्या आजी-आजोबांना कोणता दिवस. कोर्टाच्या आदेशात सुट्ट्या लिहिलेल्या असतील तर तेच धरा. नसतील तर मेसेजवर लिहून घ्या, तोंडी ठरलेलं नरकचतुर्दशीच्या पहाटे कुणाला आठवत नाही. ज्या दिवाळीला मुलगी वडिलांकडे असेल त्या दिवाळीत फराळाचा डबा तिच्याबरोबर जाऊ द्या, आणि 'तुझ्याशिवाय घर सुनं वाटेल' असं म्हणू नका. तिने ते ओझं का न्यायचं?

कोणत्या महिन्यात काय दिसतं

पहिले दोन-तीन महिने बऱ्याच घरांत गोड जातात. मुलगी शहाण्यासारखी वागते, मोठे म्हणतात, 'उगाच घाबरत होतो.' तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात उतार येतो, कारण हे कायमचं आहे हे तेव्हा कळतं. शाळेत जाताना पोट दुखतं, सहामाहीत गुण घसरतात, मुलगी लहान बाळासारखं बोलते, कधी अंथरुण ओलं होतं. राग बहुतेक आईवर निघतो, कारण आई सोडून जाणार नाही याची तिला खात्री वाटते. उतार आला म्हणजे लग्न चुकलं असं नव्हे. या घरात जुलै ते ऑक्टोबर वाईट गेले. दिवाळीनंतर हळूहळू सैलावलं.

वर्षाअखेर प्रगती कशावरून ओळखायची? मुलगी काकांकडे एखादं काम घेऊन येते, पेन्सिलचं शार्पनर अडकलंय म्हणून. आईमार्फत न सांगता त्यांच्याशी थेट भांडते. तिच्या मैत्रिणी घरी येतात. टेबलावर तिघं असताना ती दिवसभराचं काही सांगते. एवढं दिसलं तर वर्ष उत्तम गेलं म्हणायचं.

काही गोष्टी मात्र 'होईल सवय' म्हणून सोडायच्या नाहीत. झोप आणि जेवण दोन-तीन आठवडे सतत बिघडलेलं, शाळेत जायला ठाम नकार, 'मी नसते तर बरं झालं असतं' असली वाक्यं, स्वतःला इजा करणं. अशा वेळी बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था 1990 पासून काम करतेय, आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. घरातल्या किंवा नात्यातल्या एका ठरावीक माणसाबरोबर एकटं राहायला मुलगी घाबरत असेल तर तिचं शांतपणे ऐकून घ्या, उलटतपासणी करू नका, त्या माणसासमोर विचारू नका, आणि त्या दिवसापासून तिला त्याच्याबरोबर एकटं ठेवू नका. मुलांसाठीचा 1098 हा क्रमांक याच कामासाठी आहे.

दुसऱ्या वर्षी काकांकडे एखादा नियम सोपवून बघता येतो. मुलीचं आणि त्यांचं ज्या गोष्टीवर आधीच जमलेलं आहे, त्यातलाच घ्या. इथे सायकलचा घेतला: हेल्मेट घातल्याशिवाय सोसायटीबाहेर नाही, आणि हे सांगणार काका. अभ्यास आणि मोबाईल अजून आईकडेच आहेत.